चार रकाने, एक बातमी: अरबीत जाण्याआधी कात्रणाचा क्रम लावताना

मी मराठीतून अरबीत अनुवाद करते. बहुतेक काम कागदपत्रांचं असतं: जन्मदाखले, मुखत्यारपत्रं, कंपन्यांचे करार. त्यात वाचायचा क्रम कधी शोधावा लागत नाही, तो कागदावरच मांडलेला असतो. वर्तमानपत्राच्या कात्रणाचं तसं नसतं, आणि कात्रणाचा मोबाइलवर काढलेला फोटो आला की अनुवादाच्या आधीचं काम अनुवादापेक्षा मोठं होऊन बसतं. अशाच एका कात्रणाबद्दल सविस्तर लिहिते आहे, कारण क्रम लावताना जे जे अडतं ते जवळजवळ सगळं त्या एका फोटोत होतं.

कात्रण १९९० सालचं. २ ऑगस्टला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि तिथे अडकलेल्या भारतीयांना नंतर बसने बगदादमार्गे जॉर्डनमध्ये अम्मानला आणि तिथून विमानाने मुंबईला आणण्यात आलं. सुमारे दोन महिन्यांत एअर इंडियाच्या ४८८ उड्डाणांतून एक लाखाहून अधिक माणसं परतली. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातली पुष्कळ होती. त्यांच्यापैकी एका ड्रायव्हरची मुलाखतवजा बातमी एका मराठी दैनिकात पहिल्या पानावर आली होती. त्यांच्या पुतणीने कात्रणाचा फोटो मला पाठवला. चाचा ज्या कुवेती कुटुंबाकडे कामाला होते, त्या घरातला नातू आता घराच्या आठवणी एकत्र करतो आहे आणि त्याला ही बातमी अरबीत हवी होती.

फोटो प्लास्टिकच्या पाकिटावरूनच काढलेला होता. वरून ट्यूबलाइटची तिरीप, कागदाला मधोमध आडवी घडी, मोबाइल थोडा तिरका धरल्यामुळे डावीकडचे रकाने मोठे आणि उजवीकडचे निमुळते. दिसायला चार रकाने होते. तीन रकान्यांवर मिळून एक मोठा मथळा. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्याच्या मधोमध दोन कॉलमी छायाचित्र, त्याच्या वरही मजकूर आणि खालीही. तिसऱ्या रकान्यात छायाचित्राच्या खाली एक काळा पट्टा, त्यावर पांढरा उजेड सांडलेला. आणि सगळ्यात उजवीकडे चौथा रकाना, जो मथळ्याच्या खाली येतच नव्हता.

हा चौथा रकाना मथळ्याबाहेर का, हा पहिला प्रश्न. वर्तमानपत्रात बातमीचा मजकूर तिच्या मथळ्याच्या रुंदीत बसवलेला असतो. तीन कॉलमी मथळा असेल तर त्याच्याखालचे तीन रकाने त्याचे, आणि चौथा बहुधा शेजारच्या बातमीचा. पण शेजारची बातमी असती तर कापणाऱ्याने ती कशाला ठेवली असती? कात्रण कापणारा माणूस कात्री आपल्याला हव्या त्या मजकुराभोवती फिरवतो. म्हणजे हा रकाना मुद्दाम ठेवलेला होता, किंवा मुद्दाम जोडलेला.

मी पुतणीला नवे फोटो मागितले आणि काय हवं ते नेमकं लिहून पाठवलं. कागद पाकिटातून बाहेर काढायचा, खिडकीजवळ टेबलावर सपाट ठेवायचा, फ्लॅश बंद. मोबाइल कागदाच्या बरोबर वर आणि कागदाला समांतर धरायचा. आधी पूर्ण कात्रणाचा एक फोटो, मग प्रत्येक रकान्याचे वेगळे जवळून, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतल्या दोनतीन ओळी पुन्हा याव्यात असे. घडीवरच्या ओळींचा एक वेगळा फोटो, उजेड बाजूने तिरका पडेल असा, कारण घडीवर शाई उडालेली असली तरी तिरप्या उजेडात अक्षरांचे काठ उमटतात. आणि शेवटी कागद उलटा करून मागच्या बाजूचा फोटो.

मागची बाजू कशाला, असं तिने विचारलं. तो फोटो आला आणि चौथ्या रकान्याचं कोडं तिथेच सुटलं. तीन रकान्यांच्या मागे सिनेमाच्या जाहिराती होत्या. चौथ्याच्या मागे क्रिकेटच्या धावफलकाचा उभा कापलेला तुकडा होता, आणि दोहोंच्या मधून पिवळी पडलेली सेलोटेप वरपासून खालपर्यंत गेली होती. एकाच पानाचे शेजारशेजारचे रकाने असते तर मागची जाहिरात सलग पुढे गेली असती. म्हणजे ही पट्टी दुसऱ्या पानावरची. घडीनेही तेच सांगितलं: आडवी घडी तीन रकान्यांतून सरळ जात होती आणि टेपपाशी थांबत होती. कागद घडी घालून ठेवला होता तेव्हा पट्टी त्याला चिकटवलेली नव्हती. पहिल्या पानावरच्या बातमीचा उरलेला भाग आतल्या पानावर जातो, तो कुणीतरी नंतर कापून शेजारी जोडला होता. समोरून हे कळलं नसतं, कारण दैनिक एकच, टाइप एकच आणि रकान्याची रुंदीही एकच.

हे कळल्यावर मजकूर वाचायला घेतला असं नाही. आधी तुकडे पाडले. मोठा प्रिंट काढला आणि पेन्सिलीने प्रत्येक सलग मजकुराभोवती चौकोन काढून त्याला अक्षर दिलं. पहिला रकाना पूर्ण उंचीचा, तो क. दुसऱ्या रकान्यातला छायाचित्रावरचा भाग ख, तिसऱ्यातला छायाचित्रावरचा भाग ग. छायाचित्राखाली दुसऱ्या रकान्यात घ, तिसऱ्या रकान्यात च. टेपने जोडलेली पट्टी प. फोटोओळ वेगळी. ही अक्षरं क्रम दाखवणारी नाहीत, फक्त नावं आहेत, हे स्वतःशी स्पष्ट ठेवावं लागतं. एकदा मनाने क-ख-ग असा क्रम धरला की डोळा तोच खरा मानायला लागतो.

टाइप करायचा वेळ वाचावा म्हणून मी असा मजकूर टेसरॅक्ट या फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्राममधून काढते, पण पूर्ण फोटो त्याला देत नाही. रकान्यांमधली जागा अरुंद असली आणि फोटो जरा तिरका असला की तो रकान्याची सीमा ओलांडून सरळ आडवा वाचत जातो: क ची पहिली ओळ, तिला जोडून ख ची पहिली ओळ. मराठीत अशी ओळ कधीकधी शंका येणार नाही इतकी सरळ वाचली जाते, आणि तो खरा धोका. म्हणून आधी फोटो सरळ करायचा, प्रत्येक तुकडा वेगळा कापायचा, फाइलला तुकड्याचंच नाव द्यायचं आणि हा एकच सलग ठोकळा आहे असं सांगून वाचायला द्यायचा:

```
tesseract kh.jpg kh -l mar --psm 6
```

मग निघालेला मजकूर प्रिंटशी ओळ न् ओळ ताडून बघायचा. विशेषतः प्रत्येक तुकड्याची पहिली आणि शेवटची ओळ डोळ्यांनीच वाचायची, कारण पुढचं सगळं काम त्या ओळींवर उभं असतं.

आता क्रम. क हा पहिला, यात वाद नव्हता. मथळ्याच्या डाव्या टोकाखाली तो सुरू होत होता आणि त्याच्या डोक्यावर ‘मुंबई, ता. १२’ होतं. खरी अडचण छायाचित्राची. रकान्याच्या मध्ये चित्र आलं की दोन वाटा फुटतात. एक, वाचणारा चित्रावरून उडी मारून त्याच रकान्यात खाली जातो, म्हणजे ख नंतर घ, मग वर ग आणि शेवटी च. दुसरी, चित्राच्या वरचा पट्टा आधी पूर्ण होतो, ख नंतर ग, आणि मग खाली उतरायचं. पहिली वाट जास्त रुळलेली. पण या पानावर फोटोओळीच्या खाली दोन्ही रकान्यांच्या रुंदीची एक बारीक आडवी रेघ होती. अशी रेघ पानाचे वरचा आणि खालचा असे दोन भाग पाडते आणि दुसऱ्या वाटेकडे बोट दाखवते. तरी रेघेवर मी सगळा भार टाकत नाही. त्या काळात टाइप केलेल्या मजकुराच्या पट्ट्या कापून पानावर हाताने चिकटवत. जागा कमी पडली की पट्टी कुठेही कापली जायची, आणि रेघ कधी कधी नुसती मोकळी जागा भरायला टाकलेली असायची.

तारखांवरूनही क्रम लागत नाही. पहिला मोह तोच होतो: ऑगस्टचं आधी, सप्टेंबरचं नंतर. पण बातमी सुरू होते ती शेवटच्या घटनेपासून. क मध्ये माणूस मुंबईच्या विमानतळावर उतरलेला आहे, ख मध्ये तो पुन्हा कुवेतमध्ये आहे. तारखांप्रमाणे लावायला गेलं तर क शेवटी जाईल आणि मथळ्याखालचा रकाना बातमीच्या तळाशी येईल.

निकाल देतात ते जोड. प्रत्येक तुकड्याचे शेवटचे पाचसहा शब्द आणि पहिले पाचसहा शब्द मी चिठ्ठ्यांवर लिहिते, आणि प्रत्येक शेवटाला प्रत्येक सुरुवात लावून बघते. सगळ्या जोड्या बघायच्या, योग्य वाटलेली सापडली म्हणून थांबायचं नाही. इथे मराठी फार मदत करते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे रकाना मध्येच तुटला की वाक्याचं शेपूट दुसरीकडे लोंबत असतं. शिवाय षष्ठीचा प्रत्यय पुढच्या नामाचं लिंग आणि वचन आधीच सांगून ठेवतो.

क चा शेवट होता: ‘अम्मान गाठण्यास त्यांना’. ख ची सुरुवात: ‘तीन दिवस लागले.’ हा जोड सहज बसला आणि दुसरा कुठलाही बसत नव्हता. ख चा शेवट: ‘मालकाने जाण्यापूर्वी त्यांचा पासपोर्ट परत केला आणि घराची’. इथे ‘घराची’ नंतर काय येऊ शकतं? स्त्रीलिंगी एकवचनी नाम, जसं चावी किंवा जबाबदारी, किंवा नपुंसकलिंगी अनेकवचनी, जसं कागदपत्रे. पुल्लिंगी काहीच येऊ शकत नाही. घ सुरू होत होता ‘ऑगस्टच्या अखेरीस बसने निघाले’ असा. ग सुरू होत होता ‘किल्ली त्यांच्या हवाली केली’ असा. म्हणजे ख नंतर ग. आडवी रेघ जे सुचवत होती त्याला व्याकरणाने दुजोरा दिला, आणि चित्रावरून उडी मारायची वाट बंद झाली.

पुढचा जोड सगळ्यात घातक होता. ग चा शेवट, छायाचित्राच्या अगदी वर: ‘जवळपास महिनाभर त्या बंगल्याची राखण करून ते’. त्याच रकान्यात छायाचित्राखाली, काळ्या पट्ट्याच्या खाली, च ची सुरुवात: ‘अद्याप कुवेतमध्ये आहेत, त्यांनी’. एकत्र वाचा: ‘राखण करून ते अद्याप कुवेतमध्ये आहेत.’ कर्ता आहे, क्रियापद आहे, वचन जुळतं. डोळा त्याच रकान्यात सरळ खाली उतरतो, त्यामुळे नजरेलाही हेच पटतं. आणि असं जोडलं तर ज्याची मुलाखत मुंबईत घेतली तो माणूस अजून कुवेतमध्ये बंगल्याची राखण करतो आहे असं होतं. दुसरी जोडी होती घ ची: ‘राखण करून ते ऑगस्टच्या अखेरीस बसने निघाले’. हीही निर्दोष. व्याकरण दोन्हींना हो म्हणत होतं.

अशा वेळी जोडाच्या पुढचं वाक्य वाचायचं. च मध्ये पुढे होतं: ‘त्यांनी संपूर्ण नाव व पासपोर्ट क्रमांक लिहून द्यावा’. दोन गोष्टी खटकल्या. बातमी घडलेलं सांगते, ‘द्यावा’ हा सूचनेचा सूर आहे. आणि वाक्यात ‘त्यांनी’ आहे पण त्याचं जोडीदार ‘ज्यांनी’ किंवा ‘ज्यांचे’ कुठेच नाही. मराठी वाक्यात अर्धी जोडी उघडी पडली की उरलेली अर्धी जवळच कुठेतरी असते. ती त्या काळ्या पट्ट्यात होती. पहिल्या फोटोत उजेडाने पांढरा पडलेला तो पट्टा म्हणजे काळ्या जमिनीवर पांढऱ्या अक्षरांतलं शीर्षक होतं. जवळून काढलेल्या फोटोत ते वाचता आलं: ‘ज्यांचे नातेवाईक’. शीर्षकच वाक्याची सुरुवात होती: ज्यांचे नातेवाईक अद्याप कुवेतमध्ये आहेत, त्यांनी नाव आणि पासपोर्ट क्रमांक लिहून द्यावा. म्हणजे च ही स्वतंत्र चौकट, बातमीचा भाग नव्हेच.

मग चौकटीची रेघ का दिसली नाही? दिसत होती, पण घ आणि च यांच्यामधली उभी रेघ रकान्यांच्या मधल्या नेहमीच्या रेघेसारखीच होती. प्रिंट भिंगाखाली धरला तेव्हा फरक कळला. रकान्याची रेघ खाली जाऊन नुसती संपते. ही रेघ तळाशी काटकोनात उजवीकडे वळत होती. कात्रण तळाला अगदी जवळून कापलेलं असल्याने त्या कोपऱ्याचा जेमतेम दोन मिलिमीटर भाग शिल्लक होता. आता जुन्या पानांवर मी आधी कोपरे बघते. चौकटीच्या तीन बाजू कापल्या गेल्या तरी एखादा कोपरा बहुधा राहतो.

उरला घ आणि प यांचा जोड. घ च्या शेवटी होतं: ‘मालकाच्या थोरल्या मुलाने दम्मामहून त्यांच्या नावाने एक चिठ्ठी’, आणि त्याखाली कंसात ‘पान ७ वर’. पट्टी सातव्या पानावरची हे यावरून नक्की झालं. पण पट्टी कापताना कात्री पहिल्या ओळीतून गेली होती. तिथलं शीर्षक गेलं होतं, आणि पहिल्या ओळीची शिरोरेघ आणि तिच्या वरचं सगळं कापलं गेलं होतं. अक्षरांचे फक्त खालचे भाग शिल्लक.

देवनागरीत असा काप विचित्र फसवतो. व्यंजनं बरीचशी ओळखता येतात, कारण त्यांची अंगं शिरोरेघेच्या खाली असतात. उकारही वाचतात. पण वेलांटी आणि मात्रा वर असतात, त्या जातात. ओळीच्या सुरुवातीला ‘पाठव’ स्पष्ट होतं, पुढे ल आणि त्याच्यानंतर आणखी एक उभी काठी. ही काठी काना असू शकते किंवा दुसऱ्या वेलांटीची उभी रेघ. वरचा भाग नसेल तर ‘ला’ आणि ‘ली’ हुबेहूब एकसारखे दिसतात. ‘ले’ मात्र नाही, कारण त्यात ल नंतर काठी येत नाही. म्हणजे ‘पाठवला’ किंवा ‘पाठवली’, पण ‘पाठवले’ नक्की नाही. ‘चिठ्ठी’ स्त्रीलिंगी, तेव्हा ‘पाठवली’. आणि पुढच्या, धड असलेल्या ओळीत ‘ती त्यांनी जपून ठेवली आहे’ असं होतं. ‘ती’ म्हणजे चिठ्ठीच. जोड पक्का.

हे सगळं अनुवाद करता करता जमलं नसतं का, असं पुतणीने विचारलं होतं. इंग्रजीत करायचं असतं तरी मी आधी क्रमच लावला असता, पण अरबीसाठी तर दुसरा मार्गच नाही. अरबी बातमीचं वाक्य साधारणपणे क्रियापदाने सुरू होतं, आणि त्या क्रियापदाला कर्त्याचं लिंग बरोबर घेऊन यावं लागतं. मराठीत ‘हवाली केली’ हे ग च्या पहिल्या ओळीत आहे. ख च्या तळाशी थांबून त्या वाक्यखंडाचा अरबीत पहिला शब्दही लिहिता येत नाही. पुन्हा, मराठीतलं ‘ते’ एका वडीलधाऱ्या माणसासाठीही चालतं आणि अनेकांसाठीही. अरबीत एक, दोन आणि दोनपेक्षा जास्त अशी तीन वचनं आहेत आणि क्रियापदाचं रूप त्याप्रमाणे बदलू शकतं. ग च्या शेवटचे ‘ते’ एकटे चाचा आहेत, मालक आणि चाचा दोघे आहेत, की बंगल्यात राहिलेली सगळी माणसं, हे मागचा रकाना पक्का झाल्याशिवाय ठरत नाही. मागे ख मध्ये ‘बंगल्यात ते एकटेच उरले’ असं वाक्य होतं, त्यामुळे एकवचन ठरलं. ते वाक्य घडीवर होतं. बाजूच्या उजेडातला तो फोटो नसता तर माझ्याकडे त्याचा पुरावाच नव्हता.

क्रम असा ठरला: मथळा, क, ख, ग, घ, प. च वेगळी चौकट. फोटोओळ तिच्या जागी. फोटोओळीबद्दल एक टीप आवश्यक वाटली. छायाचित्र जॉर्डनमधल्या छावणीचं होतं आणि ओळीत ‘आश्रय घेतलेले भारतीय’ एवढंच होतं. चाचा त्या चित्रात नाहीत. बातमीच्या मधोमध चित्र आलं की वाचणारा बातमीतला माणूस त्यात शोधतो, आणि कुवेतमध्ये तर तो नक्कीच शोधला गेला असता.

आता अरबी पान कसं द्यायचं. मूळ पानासारखे रकाने पाडून, डावीकडचं उजवीकडे नेऊन आरशासारखी मांडणी करता येते, आणि काही जण ती मागतातही. मी टाळते. बातमी एकाच सलग रकान्यात देते, चौकट शेवटी वेगळ्या शीर्षकाखाली, आणि जिथे एक तुकडा संपून दुसरा सुरू होतो तिथे समासात खूण. बरोबर कात्रणाचा फोटो, त्याच खुणा मोठ्या अक्षरात टाकलेला. कारण ज्याच्या हातात तो फोटो जाणार त्याची नजर पानाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरू होते, आणि या कात्रणात तिथे नेमकी टेपने लावलेली पट्टी, म्हणजे बातमीचा शेवट आहे. अनुवाद शेजारी ठेवून तो मूळ मजकुराशी ताडायला बसला तर पहिल्याच ओळीला चुकामूक होईल.

खुणांसाठी आकडे वापरले नाहीत. कुवेतमध्ये छापले जाणारे अरबी आकडे वेगळे. त्यातला पाच हा गोल असतो, आपल्या शून्यासारखा, आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. एकाच पानावर आपले, इंग्रजी आणि अरबी असे तीन तऱ्हेचे आकडे झाले की खुणांचाच अर्थ लावत बसावं लागतं. म्हणून अलिफ, बा, जीम, दाल अशी त्यांच्या जुन्या अब्जद क्रमातली अक्षरं घातली. अरबीत मुद्द्यांना तीच लावायची पद्धत आहे. पट्टीच्या पहिल्या ओळीत ‘पाठवली’ हा शब्द अर्धा कापलेला आहे आणि तो संदर्भावरून वाचला आहे, हे चौकोनी कंसात लिहिलं. घडीवरची एक ओळ कुठल्याच फोटोत वाचता आली नाही, तिथे अंदाज न भरता ‘एक ओळ अस्पष्ट’ असं लिहिलं. ‘ता. १२’ ला महिना जोडला नाही. मजकुरावरून तो सप्टेंबर वाटतो, पण कात्रणावर महिना छापलेला नाही.

क्रम पक्का झाल्यावर, त्याआधी नाही, मी चाचांना फोन केला. आधी केला असता तर त्यांनी गोष्ट त्यांच्या आठवणीच्या क्रमाने सांगितली असती आणि मी नकळत तुकडे त्या क्रमाने लावले असते. फोनवर मी त्यांना पूर्ण बातमी मराठीतून वाचून दाखवली. किल्लीच्या वाक्यापाशी त्यांनी थांबवलं. “परत वाचा तेवढं.” मी पुन्हा वाचलं. पुढे चिठ्ठीचं वाक्य आलं तेव्हा म्हणाले, “नाही बेटा, चिठ्ठी अम्मानला नाही मिळाली. मी घरी पोचलो, मग आली. कुणीतरी मुंबईवरून आणून दिली.”

बातमीत ‘घरी’ हा शब्द नाही. घ मध्ये अम्मानच्या तंबूंचं वर्णन आहे आणि त्याच परिच्छेदात चिठ्ठी येते, त्यामुळे वाचणारा ती अम्मानलाच मिळाली असं समजणार. माझा जोड चुकला असेल का, म्हणून मी तेवढा भाग पुन्हा तपासला. पाठवल्याचं वाक्य घ मध्ये सुरू होतं आणि पट्टीत संपतं, ‘पान ७ वर’ तिथेच आहे, लिंग जुळतं. क्रम बरोबर होता. फरक बातमीच्या आणि चाचांच्या सांगण्यात होता. अनुवादात मी बातमीचंच ठेवलं. चाचांचं म्हणणं शेवटी वेगळ्या टिपेत घातलं, ते फोनवर त्यांनी स्वतः सांगितलं आहे असं नमूद करून.

ती चिठ्ठी चाचांकडे आहे, अरबीत हाताने लिहिलेली. पुतणी आता तिचा फोटो काढणार आहे. मी तिला पुन्हा तेच लिहून पाठवलं आहे: पाकिटातून काढून, खिडकीजवळ, फ्लॅश बंद, आणि मागची बाजूही.